माइल्स गेले, पण विमान अजून उडायचंय

रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातले एक गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन फोन उघडतात, तर मेलबॉक्समध्ये रात्रीतून साडेतीनशे नवे मेल. कुठल्याशा परदेशी दुकानाची वर्गणी, कुणाचं बातमीपत्र, कधीच न केलेल्या नोंदण्यांच्या पोचपावत्या. सगळे एकदम निवडून पुसून टाकावेत, अशीच ती गर्दी. ते तसं करत नाहीत. विमान कंपनीचं नाव टाकून शोधतात आणि रात्री १ वाजून ४० मिनिटांनी आलेला एक मेल सापडतो. त्यांच्या खात्यातले १,१०,००० पॉइंट वापरून दोन तिकिटं काढली गेली आहेत. दोन्ही प्रवासी अनोळखी. उड्डाण सोमवारी पहाटे. लंडनला मुलीकडे जायचं म्हणून सहा वर्षं किराण्यापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं एकाच कार्डावर भरून जमवलेली ही पुंजी आता ४,००० पॉइंटवर आलेली आहे.

हे गृहस्थ कल्पनेतले आहेत, पण त्यांच्या सकाळीत जे जे घडलं ते या चोरीच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणेच घडलं. मेलचा तो लोंढा योगायोगाने आलेला नाही. चोर खात्यात शिरतो तेव्हा कंपनीचा यंत्रणेतून जाणारा मेल त्याला थांबवता येत नाही. म्हणून तो मालकाचा पत्ता शेकडो संकेतस्थळांवर एकाच वेळी नोंदवून टाकतो. तिकीट काढल्याचा एकमेव खरा मेल त्या ढिगाऱ्याखाली गाडला जावा, एवढाच त्यामागचा हेतू. अचानक असा लोंढा आला, तर कचरा साफ करण्याआधी त्यात काय दडवलंय ते पाहिलं पाहिजे.

उड्डाण दुसऱ्याच पहाटेचं का, यालाही कारण आहे. तिकीट तीन महिन्यांनंतरचं काढलं, तर तोवर मालकाला कळणार आणि तिकीट रद्द होणार. म्हणून चोरलेल्या पॉइंटवरची तिकिटं बहुतेक वेळा एकदोन दिवसांतली असतात. विमानात बसणारा माणूस चोर असतोच असंही नाही. त्याने कुणा तथाकथित एजंटकडून निम्म्या किमतीत तिकीट विकत घेतलेलं असू शकतं. चोराला हवे असतात त्या निम्म्या किमतीचे रोख पैसे.

पॉइंट परत मिळण्याची सगळी मदार याच मधल्या वेळेवर आहे. तिकीट निघालंय, पण विमान उडालेलं नाही. व्हाउचर तयार झालंय, पण दुकानात वापरलेलं नाही. तोवर कंपनीचं खऱ्या अर्थाने काहीच गेलेलं नसतं. तिकीट रद्द केलं की पॉइंट जिथून आले तिथे परत जातात. विमान उडाल्यावर मात्र कंपनीला ते स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, आणि तिथून खरी वादावादी सुरू होते.

चोर आत शिरतात कसे? बहुतेक वेळा कंपनीची तिजोरी फोडावी लागतच नाही. एखाद्या तिसऱ्याच संकेतस्थळावरून चोरीला गेलेली ई-मेल आणि पासवर्डची जोडी यंत्राकडून विमान कंपन्या, हॉटेलं, दुकानं अशा शेकडो ठिकाणी घालून पाहिली जाते. ज्यांनी एकच पासवर्ड सगळीकडे ठेवलाय, त्यांचं कुलूप उघडतं. डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या सुमारे दहा हजार ग्राहकांच्या खात्यांत आणि युनायटेडच्या खात्यांतही चोर शिरले ते याच रीतीने. युनायटेडमध्ये जवळपास तीन डझन खात्यांतून प्रत्यक्ष व्यवहार झाले होते आणि गेलेले माइल्स परत देऊ, असं त्या कंपनीने सांगितलं. मार्च २०१५मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ‘एक्झिक्युटिव्ह क्लब’च्या हजारो खात्यांवर असाच हल्ला झाला. कंपनीने ती खाती गोठवली, त्यामुळे काही दिवस खऱ्या मालकांनाही आपले पॉइंट वापरता येत नव्हते. दुकानंही यातून सुटली नाहीत. मार्च २०२०मध्ये ब्रिटनमधल्या बूट्स या औषधदुकानांच्या साखळीने पॉइंट देऊन खरेदी करण्याची सोयच काही काळ बंद ठेवली होती.

एअर इंडियाचं प्रकरण थोडं वेगळं, पण मराठी प्रवाशांच्या जवळचं. प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाल्यानंतर मे २०२१मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं की जगभरातल्या सुमारे ४५ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आहे. त्यात नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील, तिकिटांची माहिती आणि फ्रीक्वेंट फ्लायर खात्यांचीही माहिती होती. पासवर्ड नव्हते, असं कंपनीने स्पष्ट केलं होतं. तरीही धोका उरतोच. ज्याच्याकडे तुमचं नाव, सदस्य क्रमांक आणि मागच्या प्रवासाचा तपशील आहे, तो तुम्हाला अगदी खरा वाटेल असा मेल किंवा फोन करू शकतो आणि उरलेला ओटीपी तुमच्याच तोंडून काढून घेऊ शकतो.

पॉइंटचे पैसे कसे होतात, याचं भारतातलं ठळक उदाहरण बंगळुरूचं आहे. बँका आणि दुकानांच्या ग्राहकांसाठी पॉइंट व व्हाउचरचं कामकाज पाहणाऱ्या एका कंपनीने २०२३मध्ये तिथे तक्रार केली. ग्राहकांच्या नावची व्हाउचर भलताच कुणी वापरत होता. पोलिसांनी आंध्र प्रदेशातल्या एका तरुणाला पकडलं, तेव्हा त्याच्याकडून सोनं, चांदी, रोकड आणि दुचाकी असा सुमारे चार कोटींचा ऐवज जप्त झाला. पॉइंटचं व्हाउचर, व्हाउचरचं सोनं आणि सोन्याचे पैसे, असा हा प्रवास. या वाटेवर बँकेचं खातं जवळपास शेवटी येतं, आणि म्हणूनच बँकेतल्या चोरीसाठी उभ्या केलेल्या यंत्रणा इथे तोकड्या पडतात.

आता पुन्हा त्या रविवारच्या सकाळीकडे येऊ. गृहस्थांचा पहिला विचार असतो विमान कंपनीला फोन करायचा. त्याआधीची पाच मिनिटं मात्र मेलबॉक्ससाठी दिली पाहिजेत. चोर मेलबॉक्समध्येच बसलेला असेल, तर पॉइंटच्या खात्याचा बदललेला पासवर्डही तो पुन्हा बदलेल. म्हणून आधी मेलचा पासवर्ड बदलायचा, इतर सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरायचा आणि मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासायचं. विमान कंपनीचा कुठलाही मेल आला की तो थेट कचऱ्यात टाकावा, असा नियम चोराने तिथे लावून ठेवलेला असू शकतो. असा नियम सापडला, तर काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. पुढे तो पुरावा ठरतो.

मग पॉइंटचं खातं. आत शिरता आलं, तर काहीही बदलण्याआधी चित्रं घ्यायची: शिल्लक, व्यवहारांची यादी, तिकिटाचा पीएनआर, प्रवाशांची नावं, उड्डाणाची वेळ आणि खात्यावर नोंदलेला ई-मेल व मोबाइल. त्यानंतर पासवर्ड बदलायचा आणि चोराने जोडलेला मोबाइल, नॉमिनी किंवा कुटुंब-सदस्य काढून टाकायला सांगायचं. आत शिरताच येत नसेल, तर चोराने ई-मेल बदललाय असं समजून सरळ फोनकडे वळायचं.

फोन कुठल्या नंबरवर करायचा, हाही इथे साधा प्रश्न नाही. घाबरलेला माणूस शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर’ टाकतो आणि वर दिसेल तो नंबर फिरवतो. अनेकदा तो दुसऱ्याच भामट्याचा असतो. नंबर कंपनीच्या ॲपमधून, कार्डाच्या मागून किंवा जुन्या तिकिटावरूनच घ्यावा. आणि रिवॉर्ड पॉइंट परत मिळवून देतो म्हणून कुणी एपीके फाइल पाठवली, तर ती उघडू नये. स्टेट बँकेने वारंवार सांगितलं आहे की ती अशा फाइल एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर पाठवत नाही.

फोनवर ‘माझे पॉइंट गेले’ एवढंच सांगितलं, तर समोरचा तक्रार नोंदवून घेतो आणि सात ते दहा दिवसांत उत्तर येईल असं सांगतो. तोवर विमान उडून गेलेलं असतं. म्हणून मागणी नेमकी हवी: खाते ताबडतोब गोठवा, अमुक पीएनआरवरची दोन्ही तिकिटं मी काढलेली नाहीत, उड्डाण उद्या पहाटे आहे, ती आत्ता रद्द करा, हा विषय फसवणूक तपासणाऱ्या विभागाकडे पाठवा आणि तक्रार क्रमांक द्या. फोन ठेवला की लगेच हेच सगळं मेलने पाठवायचं, कारण फोनवरचं बोलणं पुढे नाकारता येतं, पण वेळ नोंदलेला मेल नाकारता येत नाही.

फोन लागतच नसेल आणि उड्डाणाला काही तासच उरले असतील, तर? खात्यातूनच तिकीट रद्द करण्याची सोय असेल, तर स्क्रीनशॉट घेऊन आणि पासवर्ड बदलून झाल्यावर ती वापरणं शहाणपणाचं आहे. रद्द करण्याचं शुल्क कापलं जाईल, पण ते नंतर भरपाईत मागता येतं. क्रम मात्र चुकवू नये. पासवर्ड न बदलता तिकीट रद्द केलं, तर परत आलेले पॉइंट चोर पुन्हा उडवू शकतो.

यानंतर येतो कायद्याचा भाग, आणि इथे पुष्कळांची निराशा होते. बँकेच्या खात्यातून अनधिकृत व्यवहार झाला, तर ६ जुलै २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा आधार होता: चूक बँकेची किंवा ग्राहकाचीही नसून यंत्रणेतली असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा ग्राहकाच्या माथी येत नाही, आणि ग्राहकाची चूक होती हे बँकेने सिद्ध करायचं. विमान कंपनीच्या पॉइंटना असं कवच नाही. उलट अनेक योजनांच्या अटींत लिहिलेलं असतं की पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या अटीही हेच सांगतात. पासवर्ड सांभाळण्याची जबाबदारी सदस्याची, असंही कलम बहुतेक ठिकाणी असतं आणि नकाराचं पत्र बहुधा त्याच कलमावर उभं असतं.

पण ‘मालमत्ता नाही’ याचा अर्थ ‘हक्क नाही’ असा होत नाही. ग्राहकाने तिकिटं काढली, कार्ड वापरलं, वार्षिक शुल्क भरलं आणि त्या बदल्यात कंपनीने एक सेवा देण्याचं कबूल केलं. ती सेवा भलत्याच माणसाला दिली गेली असेल, तर सेवेत त्रुटी झाली का, हा प्रश्न ग्राहक कायद्यात बसतो. त्यामुळे लेखी दाव्यात ‘माझी चोरी झाली’ यापेक्षा ‘तुमच्या तपासणीत काय निसटलं’ यावर भर द्यावा. या गृहस्थांच्या बाबतीत तो भर असा दिसेल: सहा वर्षांत खात्यातून एकही तिकीट निघालेलं नव्हतं, त्या रात्री नव्या उपकरणावरून प्रवेश झाला, नोंदलेला मोबाइल बदलला गेला, पण जुन्या मोबाइलवर ओटीपी आला नाही, आणि पुढच्या काही मिनिटांतच आडनाव न जुळणाऱ्या दोघांसाठी उद्याच्या उड्डाणाची तिकिटं निघाली. खात्यात कुठून आणि केव्हा प्रवेश झाला, याची नोंद कंपनीकडे असते. ती जपून ठेवा आणि तपासात विचारात घ्या, अशी मागणी पहिल्याच पत्रात करावी.

दाव्याची रक्कमही मांडावी लागते, नाहीतर पॉइंटना किंमतच नाही असं उत्तर येतं. हिशेब सोपा आहे. समजा, तेच एक तिकीट रोखीने ५८,००० रुपयांना मिळत होतं आणि पॉइंटवर काढताना ५५,००० पॉइंटखेरीज १४,००० रुपये कर भरावा लागला असता. मग पॉइंटनी वाचवले ते ४४,००० रुपये, म्हणजे एका पॉइंटचे ८० पैसे. १,१०,००० पॉइंटचे होतात ८८,००० रुपये. कंपनी स्वतः पॉइंट विकत असेल, तर तिचाच दर पुरावा म्हणून जोडता येतो. मागणी मात्र आधी पॉइंटचीच करावी आणि ते शक्य नसेल तर रकमेची. पॉइंट परत देणं कंपनीला रोख देण्यापेक्षा सोपं जातं.

पोलिसांकडे जावं का? जावं, आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून पोच घ्यावी. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अनेक कंपन्या पॉइंट परत देण्याआधी पोलीस तक्रारीची प्रत मागतात, म्हणून ती आधीच हाताशी असलेली बरी. १९३० या हेल्पलाइनबद्दल मात्र गैरसमज नको. तिची ताकद आहे बँकांमधून सरकणारे पैसे वाटेत अडवण्यात. विमान कंपनीच्या खात्यातले पॉइंट त्या वाटेवर नसतात. चोराने सोबत जोडलेल्या कार्डावरही खर्च केला असेल, तर १९३०ला फोन करायलाच हवा.

कंपनीने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर पुढची वाट पॉइंट कुणाचे यावर ठरते. क्रेडिट कार्डाचे पॉइंट बँकेच्याच योजनेतून गेले असतील, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला शुल्क नाही. पॉइंट बँकेतून विमान कंपनीत वळवून झाल्यावर गेले असतील, तर बँक हात वर करते आणि तिचं म्हणणं बहुधा टिकतं. पण वळवण्याचा व्यवहारच चोराने केला असेल, तर तक्रार दोन्हीकडे करावी. ऑनलाइन दुकानांच्या बाबतीत २०२०च्या ई-कॉमर्स नियमांचा उपयोग होतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करायचं, असं ते नियम सांगतात. विमान कंपनीविरुद्ध एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि सगळ्यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

त्याने काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. माहिती तंत्रज्ञान कायद्यात आणखी एक दार आहे, ज्याची लोकांना फारशी कल्पना नसते. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव निवाडा अधिकारी म्हणून पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे ऐकू शकतात. २०१३मध्ये महाराष्ट्रात याच दारातून पुण्याच्या एका कंपनीला बँकेकडून ४५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला होता. ते प्रकरण बँक खात्यातल्या पैशांचं होतं. साध्या पॉइंटच्या दाव्यासाठी ग्राहक आयोगच सोयीचा.

पासवर्ड ग्राहकाचा होता म्हणून कंपनी मोकळी, हा बचाव सगळीकडे चालत नाही, हे न्यूयॉर्कमध्ये दिसलं. डंकिन डोनट्सच्या ग्राहकांच्या खात्यांवर २०१५मध्ये असेच हल्ले झाले. ॲप बनवणाऱ्या कंपनीने केवळ पाच दिवसांत फुटलेल्या सुमारे वीस हजार खात्यांची यादी डंकिनला दिली होती. तरीही ग्राहकांना कळवलं गेलं नाही आणि त्यांचे पासवर्डही बदलले गेले नाहीत, असा आरोप करून राज्याच्या ॲटर्नी जनरलने २०१९मध्ये खटला भरला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. साडेसहा लाख डॉलर भरणं, ग्राहकांना कळवणं आणि ज्यांच्या साठवलेल्या कार्डांतले पैसे गेले त्यांना परतावा देणं कंपनीने मान्य केलं. त्या खटल्यात कळीचा प्रश्न होता तो हा, की कळल्यानंतर कंपनीने काय केलं. म्हणूनच पुण्याच्या गृहस्थांचा रविवारी सकाळी सात वाजता पाठवलेला मेल मोलाचा आहे. त्या क्षणापासून कंपनीला माहीत आहे, आणि तिकिटं अजून रद्द होण्याजोगी आहेत.

कंपनीने दावा मान्य केला, की बहुधा जुना सदस्य क्रमांक बंद होतो आणि पॉइंट नव्या क्रमांकावर जमा होतात. तेव्हा फक्त आकडा जुळला म्हणून थांबू नये. परत आलेल्या पॉइंटची मुदत पूर्वीचीच आहे ना, आणि तपासाच्या काळात संपलेले पॉइंट वाढीव मुदतीसह मिळाले का, हे पाहावं. सदस्यत्वाची श्रेणी नव्या क्रमांकावर आली का, कार्डाची जोडणी नव्याने झाली का, हेही विचारावं. आणि आधीच काढून ठेवलेलं एखादं तिकीट असेल, तर त्यावर अजून जुनाच क्रमांक असतो. तो प्रवासाआधी बदलून घेतला नाही, तर त्या फेरीचे पॉइंट बंद झालेल्या खात्यावर जातात आणि त्यासाठी पुन्हा नवी तक्रार करावी लागते.